बारा तुकड्या

लग्नघरात पंगत वाढणाऱ्याचे सगळ्यांना कौतुक असते. पंगत बसविणाऱ्याचे कोणाला नसते. वाढणाऱ्याच्या हातात जिलबीचे ताट असते, त्यामुळे तो जिकडे वळेल तिकडे माना वळतात. बसविणारा बिचारा उपरणे कमरेला गुंडाळून दारात उभा असतो आणि मनातल्या मनात हिशेब करीत असतो : या ओळीत किती पाने मावतील, वराकडची मंडळी आधी की गावकरी आधी, आणि ज्यांना शेवटच्या एस.टी.ने परत जायचे आहे ते पाहुणे पहिल्या पंगतीत आले की नाहीत. हिशेब बरोबर आला तर तो कोणाच्या ध्यानातही येत नाही. चुकला तर मात्र दहा वर्षांनीही लोक सांगत असतात, "त्यांच्याकडच्या लग्नाला गेलो आणि उपाशी परत आलो."

महाविद्यालयातही वर्षातून एकदा अशी पंगत बसवावी लागते. प्रथम वर्षाला प्रवेश घेतलेल्या मुलामुलींना पहिल्या दिवशी बोलावून संस्थेची ओळख करून द्यायची. ग्रंथालय कोठे, कार्यालयाची कोणती खिडकी कशासाठी, मुख्य विषय कोणता घ्यावा आणि जोडविषय कोणता, शिष्यवृत्तीचा अर्ज कसा भरावा, हे सांगायचे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ साली याविषयी एक मार्गदर्शिका काढली आणि तिला 'दीक्षारंभ' असे नाव दिले. विसेक विद्यार्थ्यांमागे एक अध्यापक असावा, असे त्या योजनेत सुचविले आहे. नाव मोठे प्रसन्न आहे, आकडाही शहाणपणाचा आहे. पन्नास-साठ मुलांत आमच्या खेड्यांतली मुलगी तोंड उघडत नाही. विसांत निदान शेजारणीला कोपराने ढोसून 'तू विचार ना' एवढे तरी म्हणते. पण मुंज म्हटली की बटूला पाट लागतो आणि दीक्षारंभ म्हटला की प्रत्येक विसांना एक खोली, एक वेळ आणि एक गुरुजी लागतो. हे पाट मांडण्याचे काम गेल्या पावसाळ्यात माझ्याकडे आले. मी गणित शिकवितो, तेव्हा हे मला सहज जमेल, असा प्राचार्यांचा समज होता. गणित शिकविणाऱ्या माणसाला बाजारहाटाचे हिशेब जमतात, असाही लोकांचा समज असतो.

आमचे सेलू तुम्ही आगगाडीच्या खिडकीतून पाहिले असेल. मनमाडहून परभणीकडे जाताना परतूर मागे पडले की थोड्या वेळाने ते येते. निजामाच्या काळात टाकलेला हा लोहमार्ग, काळी जमीन, कापसाचे गाव, जवळून वाहणारी दुधना. महाविद्यालयात येणारी मुले मात्र सगळी गावातली नसतात. वालूर, कुपटा, देऊळगाव गात, मोरेगाव, चिकलठाणा, अशा चहूकडच्या गावांहून ती एस.टी.ने येतात. काही थोडी रेल्वेने येतात. त्यांचा दिवस महाविद्यालयाच्या घंटेने सुरू होत नाही आणि घंटेने संपतही नाही. तो गाडीने सुरू होतो आणि गाडीने संपतो.

ही गोष्ट कागदावर दिसत नाही, आणि म्हणूनच ती घातक ठरते. नोकरीच्या सुरुवातीला मी दुसऱ्या एका गावी होतो. तिथे पहिल्या दिवसाच्या तुकड्या हजेरीपटाच्या क्रमाने पाडल्या होत्या : एक ते चाळीस सकाळी, एकेचाळीस ते ऐंशी दुपारी, आणि पुढचे संध्याकाळी. आडनावांच्या अक्षरानुसार क्रम, म्हणजे कोणावर अन्याय नाही, असा सगळ्यांचा भाव. एका खेड्याच्या चार मुली होत्या. तिघींना सकाळची तुकडी मिळाली, चौथीला शेवटची. त्या वेळेपर्यंत थांबले तर परतीची गाडी जाते आणि एकटीने थांबायला घरून परवानगी नाही. म्हणून चौथी त्या तिघींबरोबर दुपारीच घरी गेली. नाव पुकारले तेव्हा तिच्यापुढे 'गैरहजर' असे लिहिले गेले. शिष्यवृत्तीच्या अर्जाला कोणकोणते दाखले लागतात आणि ते केव्हापर्यंत द्यायचे, हे त्या संध्याकाळच्या तासातच सांगितले होते. मैत्रिणींनी तिला सांगितले असेल, नसेल. तिचा अर्ज गेला नाही आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर ती परत आली नाही. तिच्या न येण्याला आणखीही कारणे असतील. बापाच्या मनात काय होते, ते मला ठाऊक नाही. पण त्या कागदावर 'गैरहजर' हा शब्द मी पाहिला होता, आणि तो खोटा होता. ती सकाळपासून हजर होती.

तेव्हा सेलूला हे काम अंगावर आले, तसे मी पहिल्यांदा हजेरीपट बाजूला ठेवला. प्रवेशअर्जावर पत्ता असतो, पण पत्त्यावर विसंबता येत नाही. अर्जावर 'मुक्काम पोस्ट' खेड्याचे, आणि मुलगा राहतो सेलूतच मामाकडे. किंवा पत्ता सेलूचा, पण मुलगी येते आत्याच्या गावाहून. म्हणून शुल्क भरण्याच्या खिडकीवर आमच्या हेडक्लार्कांना मी एक कोरी वही दिली आणि सांगितले, पावती देताना प्रत्येकाला एवढेच विचारा : सकाळी कशाने येणार, किती वाजता पोचणार, आणि परतीची गाडी किती वाजता. हेडक्लार्क म्हणाले, "सर, कालपर्यंत आम्ही फी घेत होतो, आता कंडक्टरकीही आमच्याकडेच का?" पण त्यांनी वही नीट भरली. माणूस कुरकुरून काम करीत असेल तर ते काम होणार, असे समजावे. हसून 'हो हो' म्हणणाऱ्याची मला धास्ती वाटते.

वही भरली तेव्हा प्रवेश झालेले विद्यार्थी होते २१६. वीस-वीसच्या तुकड्या पाडल्या तर अकरांत जेमतेम भागते. मी बारा तुकड्या धरल्या आणि प्रत्येकीत अठराच नावे घातली. दोन-दोन जागा मुद्दाम रिकाम्या ठेवल्या. कारण प्रवेश कधीच जाहीर केलेल्या तारखेला संपत नाहीत, आणि ऐन वेळी आलेल्या मुलाला 'तू कुठल्याच तुकडीत नाहीस' असे सांगण्यासारखे वाईट स्वागत नाही. या २१६ पैकी एस.टी.ने येणारी मुले ९० निघाली, म्हणजे बरोबर पाच तुकड्या. एका गाडीची मुले शक्य तोवर एकाच तुकडीत ठेवली. कला, वाणिज्य, विज्ञान हा भेद त्या दिवसापुरता बाजूला ठेवला. काही सहकाऱ्यांना ते रुचले नाही. पण शाखेची माहिती दुसऱ्या दिवशी वर्गातही देता येते. गेलेली गाडी मात्र दुसऱ्या दिवशी धरता येत नाही.

हेडक्लार्कांनी आराखडाही करून आणला होता. चार खोल्या, आणि तीन वेळा : सकाळी नऊ, अकरा आणि दुपारी दोन. प्रत्येक फेरी दीड तासाची. चार त्रिक बारा, आणि तुकड्याही बारा! बेरीज इतकी चोख जुळली होती की त्यांनी चहा मागविला. पण चहा येईपर्यंतच मला अडचण दिसली. एस.टी.ची मुले गावात पोचतात दहाच्या पुढे. त्यांना नऊची फेरी चालत नाही. त्यांच्या परतीच्या गाड्या तीनच्या सुमारास सुटू लागतात. दोनची फेरी संपणार साडेतीनला, तीही चालत नाही. उरली एक अकराची. तिथे जागा चार आणि तुकड्या पाच. उरलेल्या आठ जागा खुशाल मोकळ्या पडल्या असल्या, तरी या पाचवीला त्यांचा काडीचा उपयोग नाही.

इथे मला आमच्या विषयातला एक जुना सिद्धांत सांगितल्याशिवाय राहवत नाही. वाचकांनी पान उलटू नये. गोष्ट लग्नाची आहे. फिलिप हॉल नावाच्या इंग्रज गणित्याने १९३५ साली तो मांडला आणि १९५० मध्ये हाल्मॉस आणि व्हॉन या दोघांनी त्याला लग्नाचा पोशाख चढविला. काही मुली आहेत. प्रत्येकीने आपल्याला कोणकोणती स्थळे चालतील ते सांगितले आहे. सगळ्यांची लग्ने जुळतील का? हॉल म्हणतो, मुलींचा कोणताही गट घ्या, दोघींचा, पाचजणींचा, सगळ्यांचा; त्या गटाला मिळून चालणारी स्थळे त्या गटाच्या संख्येपेक्षा कमी नसली पाहिजेत. एकाही गटात ती कमी पडली तर सगळ्यांची लग्ने होणे शक्य नाही, हे उघडच आहे. मौज पुढे आहे : एकाही गटात कमी पडत नसतील, तर सगळ्यांची लग्ने जुळतातच. दुसरी कोणतीही अट लागत नाही. पाच बहिणींना चौघेच मुलगे पसंत असतील तर गावात आणखी पन्नास मुलगे असून काय उपयोग, एवढीच ती गोष्ट. आपल्याकडच्या कोणत्याही मावशीला हे हॉलच्या आधीपासून ठाऊक असावे. फक्त 'अट पाळली की जुळतेच' याची खात्री मावशीला नसते, ती हॉलने दिली.

बारा तुकड्यांचे असे सगळे गट करू गेलो तर ते ४०९५ होतात, आणि एवढे तपासीत कोण बसणार! पण तशी गरज नसते. गट तपासायचा तो अडलेल्यांचा, ज्यांच्यापुढे पर्याय थोडे आहेत त्यांचा. आमच्याकडे तो गट म्हणजे एस.टी.च्या पाच तुकड्या. एकूण बेरीज जुळली म्हणजे काम झाले, हा समज सगळ्या घोटाळ्यांचे मूळ असतो. बेरीज जुळणे ही फक्त सगळ्यात मोठ्या गटाची तपासणी आहे.

आता पाचवीसाठी काय करायचे? पहिला विचार येतो तो आणखी एक खोली शोधण्याचा. हेडक्लार्क म्हणाले, व्हरांड्यात बसवू. पावसाळ्याचे दिवस, पत्र्यावर सर आली की व्हरांड्यात स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू येत नाही. मी म्हटले, खोली राहू द्या, आपण घड्याळाचा काटा हलवू. दोनची फेरी एकला घेतली तर ती अडीचला संपते आणि एस.टी.ची मुले तीनच्या आत थांब्यावर पोचतात. एका तासाच्या फरकाने त्या पाच तुकड्यांना चालणाऱ्या जागा चाराच्या आठ झाल्या. खोलीला पैसे लागतात, वेळ सरकवायला शाई लागते. चहा तोवर आला होता. तो आम्ही प्यालो.

खरी कसोटी पुढे होती, ती मार्गदर्शकांची. सहा जणांनी होकार दिला होता. दीड तास उभे राहून बोलायचे, मुलांना हिंडवायचे. त्यामुळे एकाला दोनच फेऱ्या द्यायच्या असे ठरले. सहा दुणे बारा. पुन्हा बेरीज चोख! आणि पुन्हा तीच गोम. सहांपैकी तिघे सेलूत राहतात : इतिहासाचे सर, मराठीच्या बाई आणि ग्रंथपाल बाई. रसायनाचे, वाणिज्याचे आणि भूगोलाचे सर परभणीहून रेल्वेने येजा करतात. ते दहाच्या आधी पोचत नाहीत. नऊच्या फेरीत तुकड्या चार, आणि त्या वेळी हजर गुरुजी तीन. चौथ्या तुकडीला खोली आहे, वेळ आहे आणि समोर रिकामी खुर्ची आहे.

म्हणून चार-चार-चारचा सुबक चौकोन मोडून मी तीन-पाच-चार असा केला. नऊला तीन, अकराला पाच, एकला चार. अकराला पाचवी जागा लागली ती मात्र खरोखरच शोधावी लागली. ग्रंथालयाची वाचनखोली तेवढ्या वेळापुरती मिळाली. सुबकपणाचा मोह कागदावर फार होतो. पण चौकोन मुलांसाठी असतो, मुले चौकोनासाठी नसतात.

सगळ्यांची नावे घालून तक्ता शिक्षकांच्या खोलीत लावला. इतिहासाच्या सरांना नऊ आणि एक, मराठीच्या बाईंना नऊ आणि अकरा, ग्रंथपाल बाईंना नऊ आणि अकरा. रेल्वेच्या तिघांना अकरा आणि एक. इतिहासाच्या सरांनी चष्मा वर करून तक्ता पाहिला आणि म्हणाले, "पाहतो, जमवतो." आमच्या शिक्षकांच्या खोलीत या दोन शब्दांचा अर्थ 'जमणार नाही, पण तुम्हाला कशाला त्रास' असा आहे. मी दिवस पाहिला. शुक्रवार. सर दुपारी एकला नमाजाला जातात, हे वीस वर्षे सगळ्या संस्थेला ठाऊक आहे आणि तक्त्यात मात्र कोणाच्या ध्यानात आले नाही. त्यांनी स्वतः होऊन सांगितले नसते.

आता सरांना अकराला आणायचे आणि एकला दुसरे कोणी द्यायचे. ग्रंथपाल बाईंना एकच्या सुमारास पुस्तक-देवघेवीच्या खिडकीवर बसावेच लागते, त्या नाहीत. रेल्वेचे तिघे एकला आधीच गुंतलेले. राहिल्या मराठीच्या बाई. त्या अकराची तुकडी सोडून एकची घ्यायला तयार होत्या, पण त्यांची अकराची खोली वरच्या मजल्यावर आणि इतिहासाच्या सरांचे गुडघे दुखतात. मग रसायनाच्या सरांना विचारले. अकराला त्यांची खोली खाली होती. ते म्हणाले, "मला वर काय नि खाली काय!" झाले. मराठीच्या बाई एकच्या तुकडीकडे, त्यांच्या जागी वर रसायनाचे सर, त्यांच्या जागी खाली इतिहासाचे सर. जुन्या काळी तीन घरांत मिळून साटेलोटे होई, तसा हा प्रकार. एकाची गाठ सोडविली की दुसऱ्याची सुटते, आणि शेवटी सगळ्या गाठी नव्याने बसतात.

अशी साखळी शोधणे हीच या कामातली खरी विद्या आहे. क्लोद बर्ज या फ्रेंच गणित्याने १९५७ साली दाखवून दिले की, अशी एकही साखळी उरली नसेल तर आहे त्याहून अधिक जोड्या जुळणे शक्यच नाही. म्हणजे एखादी तुकडी उपाशी राहिली, तर सगळा तक्ता फाडून पुन्हा आरंभ करण्याचे कारण नसते. त्या तुकडीपासून निघायचे : हिला कोण चालेल, तो कोठे अडकला आहे, तिथे दुसरे कोण चालेल, तो कोठे अडकला आहे. साखळीच्या टोकाला कोणी मोकळा सापडला की सगळे एकेक पाऊल सरकतात. सगळ्या वाटा धुंडाळूनही मोकळा कोणी सापडला नाही, तर मात्र प्राचार्यांकडे जाऊन सरळ सांगावे की आणखी एक माणूस द्या.

मात्र यात एक खाच आहे. ही साखळी दोन गोष्टींच्या जुळणीला लागू पडते. तुकडी, खोली-वेळ आणि मार्गदर्शक अशा तीन गोष्टी एकदम जुळवू गेले की प्रश्नाची जातच बदलते. रिचर्ड कार्प यांनी १९७२ साली एकवीस दुर्धर प्रश्नांची जी यादी दिली, तीत तिहेरी जुळणीचा प्रश्न आहे. त्याला हमखास आणि झटपट अशी रीत आजवर कोणाला सापडलेली नाही. बारा तुकड्यांपुरते हातानेही भागते, हे खरे. तरी मी तीन चेंडू एकदम झेलीत नाही. आधी तुकड्यांना वेळा आणि खोल्या द्याव्यात. त्या बसल्या की मार्गदर्शक. दुसऱ्या पायरीवर अडले तर पहिल्या पायरीवर परत यावे, जसे आम्ही चार-चार-चारवरून तीन-पाच-चारवर आलो. आणि दोन्ही पायऱ्यांवर सुरुवात अडलेल्यांपासून करावी. सोयीच्या माणसांना आधी जागा दिल्या, की गैरसोयीच्यांना उरतात त्या गैरसोयीच्याच.

तक्ता तपासण्याचीही एक पद्धत आहे. आपण तो ओळीने वाचतो : पहिली तुकडी, तिची खोली, तिची वेळ, तिचे गुरुजी, सगळे ठीक. प्रत्येक ओळ एकटी ठीकच दिसते. घोटाळा दोन ओळींच्या मध्ये असतो. म्हणून एकेका वेळेचा उभा रकाना हाताने झाकून वाचावा : अकराच्या पाच ओळींत एक खोली दोनदा नाही ना, एक नाव दोनदा नाही ना. आमच्या स्वच्छ प्रतीत भूगोलाचे सर अकराला दोन खोल्यांत उभे होते. टंकलेखकाने वरची ओळ खाली उतरविली होती. रकाना वाचताना ते लगेच सापडले. मग प्रत्येक विद्यार्थ्यासाठी एक चिठ्ठी केली, तीवर चारच गोष्टी : तुकडी, वेळ, खोली, मार्गदर्शक. फलकावरची यादी गर्दीत वाचता येत नाही, आणि मागे उभी राहणारी मुलगी कधीच पुढे येत नाही. चिठ्ठी तिच्या मुठीत राहते.

एक चिंता तरीही राहिली होती. सहा गुरुजी, बारा फेऱ्या, शिल्लक शून्य. कोणी एक आजारी पडला तर एक तुकडी उघडी पडते. पण त्याहून मोठे भय निराळेच होते. परभणीचे तिघे तीन निरनिराळी माणसे असली तरी त्यांची गाडी एकच होती. ती उशिरा आली की अकराच्या पाच तुकड्यांपैकी तीन एकदम निराधार. तक्त्यावर तीन नावे तीन ठिकाणी दिसतात. रुळावर ती एकाच डब्यात बसलेली असतात.

यावर दोन उपाय केले. एस.टी.च्या पाच तुकड्यांपैकी अकराला दोनच ठेवल्या, आणि त्या गावातच राहणाऱ्यांकडे दिल्या : एक वाचनखोलीत ग्रंथपाल बाईंकडे, दुसरी खालच्या खोलीत इतिहासाच्या सरांकडे. उरलेल्या तीन एकला. तोवर गाडी कितीही रेंगाळली तरी येतेच. म्हणजे गाडी चुकली तर वाट पाहायची ती गावातल्या मुलांनी, ज्यांना घरी चालत जायचे आहे. रेल्वेने येणारी पाच-सात मुले एकच्या उरलेल्या चौथ्या तुकडीत घातली. दुसरा उपाय, दीड तासाचे दोन भाग केले : पाऊण तास हिंडून पाहण्याचा, पाऊण तास बसून बोलण्याचा. द्वितीय आणि तृतीय वर्षाची दोन-दोन मुले प्रत्येक तुकडीला दिली, छातीवर नावाची पट्टी लावून. गुरुजी वेळेवर आले तर आधी बोलणे, मग हिंडणे. नाही आले तर आधी हिंडणे. विषयांची निवड आणि शिष्यवृत्ती हे दोन मुद्दे मात्र गुरुजींनीच सांगायचे. मोठ्या मुलांना ते निम्मे ठाऊक असतात, आणि निम्मे चूक असते.

शुक्रवारी सकाळपासून भुरभुर होती. नऊच्या तीन तुकड्या सुरळीत झाल्या. दहा वाजून गेले, सव्वादहा झाले; एस.टी.ची मुले भिजत आली, चिठ्ठ्या बघत आपापल्या खोल्यांकडे गेली. साडेदहाला रसायनाच्या सरांचा फोन आला : गाडी सिग्नलला उभी आहे, बाहेर तुरीचे शेत दिसते आहे, कोणते स्टेशन ते दिसत नाही. अकरा वाजले. तिन्ही तुकड्यांना मोठी मुले पुढे घालून निघाली. ग्रंथालय, कार्यालयाच्या खिडक्या, प्रयोगशाळा, पाण्याची टाकी. वाणिज्याच्या तुकडीवाला तृतीय वर्षाचा मुलगा असा काही रंगला की त्याने आपण कोणत्या पेपरात नापास झालो तेही दाखविले. पावणेबाराला पाच मिनिटे असताना तिघेही ओल्या छत्र्या झटकीत फाटकात शिरले आणि सरळ आपापल्या खोल्यांत गेले. मुलांना गाडी चुकल्याचा पत्ताही लागला नाही.

इतिहासाचे सर साडेबाराला तुकडी संपवून, हातपाय धुऊन मशिदीकडे गेले. त्यांच्या तुकडीतल्या एका मुलीचे वडील सकाळपासून फाटकापाशी छत्री घेऊन उभे होते. आत या म्हटले तर नको म्हणाले. मुलगी बाहेर आली तेव्हा तिच्या हातात शिष्यवृत्तीच्या दाखल्यांची यादी होती. तिने ती वडिलांना वाचून दाखविली. उत्पन्नाच्या दाखल्यापाशी त्यांनी तिला थांबविले, पुन्हा वाचायला लावले, आणि विचारले, "तलाठ्याकडं आजच गेलं तर चालंल का?" ती म्हणाली, "चालंल, गाडीला अजून वेळ हाय."

एकच्या चार तुकड्या अडीचला सुटल्या. ऐन वेळी प्रवेश घेतलेली एकोणीस मुले त्या दिवसात येऊन रिकाम्या जागांवर बसली. पाच जागा उरल्या. हेडक्लार्कांनी वही मिटून माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाले, "सर, पुढल्या वर्षी हा गाडीचा रकाना अर्जातच छापून घेऊ. मला परत कंडक्टर व्हायचं नाही." अर्जाचा नमुना त्यांनी त्याच आठवड्यात छापखान्यात दिला. रकाना छापून आला आहे. फक्त 'परतीची' या शब्दातली वेलांटी उलटी पडली आहे.